‘परतीचं तिकीट’: नागपूर सोडण्याच्या गाण्याचा लिरिक व्हिडिओ, कल्पनेपासून स्टोरीबोर्डपर्यंत

मानेवाड्यात वाढलेला आणि आता पुण्यात हिंजवडीला नोकरी करणारा एक मुलगा स्वतः लिहिलेलं, स्वतःच गायलेलं गाणं घेऊन आमच्याकडे आला. गाण्याचं नाव ‘परतीचं तिकीट’. त्याला लिरिक व्हिडिओ हवा होता. शब्द पडद्यावर नीट वाचता यावेत, नट-नट्या नकोत, खर्च कमी, एवढीच त्याची अपेक्षा. चित्रीकरणाच्या जागांची यादीही त्याने सोबत आणली होती: झीरो माइल, दीक्षाभूमी, फुटाळा तलाव, सीताबर्डीची मेट्रो, संत्र्यांचे ढीग आणि शेवटी रेल्वे स्टेशन. त्या यादीतलं काहीच व्हिडिओत आलं नाही. का आलं नाही आणि त्याऐवजी काय आलं, ते पुढे येईलच. आधी गाणं.

अंतरा पहिला:

कुलरच्या टाकीत पाणी भरून झालं,
गच्चीवरचं वाळण घरात आलं.
डबा ठेव वर, आई सांगून राहिली,
बॅगेची चेन तेवढी लागायची राहिली.
घड्याळ पाहत बाबा उभे दारात,
कोणीच काही बोलत नाही घरात.

धृवपद:

येतो गं आई, जातो म्हणत नाही,
परतीचं तिकीट अजून काढलं नाही.
फलाट हळूहळू मागे सरला,
हात तुझा हवेत तसाच उरला.

अंतरा दुसरा:

दुसऱ्या गावी खोली, तिघांची एक चावी,
पोह्यांवरची तर्री कुणाला मागावी.
पस्तीसाला इथे कडक ऊन म्हणतात,
कुलर नाही खोलीत, कान आवाज शोधतात.
जेवला का, आई रोज विचारते,
हो म्हटल्यावर लाईन शांत राहते.

यानंतर धृवपद पुन्हा येतं, मग चाल बदलून दोन ओळी:

पैसे पाठवले, नवा कुलर आणा घरी.
बाबा म्हणे, जुना चालते, तू ये एकदा तरी.

शेवटच्या धृवपदात दुसरी ओळ बदलते. ‘अजून काढलं नाही’च्या जागी ‘परतीचं तिकीट वेटिंगलाच राही’ येतं.

कल्पना कुठून घ्यायची

झीरो माइल, फुटाळा वगैरे ठिकाणं नागपूरची आहेत, पण स्टेशनचा फलाट सोडला तर गाण्यात त्यातलं एकही नाही. लिरिक व्हिडिओत ही अडचण साध्या म्युझिक व्हिडिओपेक्षा मोठी असते. पाहणारा ओळ वाचत असतो. मागचं चित्र वेगळंच काही सांगू लागलं की डोळे एकतर चित्राकडे जातात नाहीतर शब्दांकडे, दोन्हीकडे मिळून जात नाहीत. ‘बॅगेची चेन तेवढी लागायची राहिली’ ही ओळ वाचताना मागे फुटाळ्याचं पाणी चमकत असेल, तर चेन कोणाला दिसणार? म्हणून मी एकच अट घातली. चित्रात जे येईल ते त्याच ओळीतून किंवा तिच्या आजूबाजूच्या ओळींतून आलेलं असलं पाहिजे.

मग गाणं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून काढलं आणि हाताने धरता येईल अशा प्रत्येक वस्तूखाली रेघ मारली. टाकी, वाळण, डबा, चेन, घड्याळ, तिकीट, चावी, तर्री, आणि कुलर. कुलर तीनदा होता: निघताना, परगावच्या खोलीत, आणि बाबांच्या उत्तरात. गाण्याची सगळी गोष्ट त्या तीन जागांत बसत होती. मुलाला दाखवलं तर तो म्हणाला, “दादा, मी तर मुद्दाम नव्हतं केलं. घर म्हटलं का तोच आवाज येऊन राहिला होता डोक्यात.” मुद्दाम केलेलं नव्हतं म्हणूनच ते पक्कं होतं.

नागपूरबाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगतो. इथे मार्चअखेरपासून घराघरात खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कुलर चढतात. वाळ्याच्या नाहीतर गवताच्या ताट्यांवरून पंप पाणी सोडतो, पंखा बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या ताट्यांमधून आत ओढतो, पाण्याची वाफ होते आणि हवा गार होते. हवा कोरडी असते तोवरच हे जमतं. मृगाच्या सरी आल्या की हवेत ओल भरते, कुलर नुसता दमटपणा फेकतो, आणि मग त्यावर प्लास्टिक चढतं. मेच्या शेवटी नवतपा असतो, पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो, तेव्हा रात्रभर कुलरच्या घरघरीत झोपायची सवय लागते. पुण्याच्या भाड्याच्या खोलीत आधी जाणवते ती गर्मी नव्हे, त्या आवाजाची उणीव. हे गाण्यात आधीच होतं, ‘कान आवाज शोधतात’. व्हिडिओने फक्त ते धरायचं होतं.

त्यातून एक नियम निघाला आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्याने सोपा केला. घरात असताना कुलर चालू आहे, म्हणून पडद्यावरचे शब्द हवेने किंचित हलतात. परगावी शब्द अगदी स्थिर. कुलरची हवा कुठे पोचते आणि कुठे नाही, एवढंच पूर्ण व्हिडिओत दाखवायचं.

गाण्याची फ्रेममध्ये मोजणी

स्टोरीबोर्ड, म्हणजे कोणत्या ओळीला कोणतं चित्र याचा आराखडा, काढण्याआधी गाण्याचा वेग आणि व्हिडिओचा वेग जुळवून घ्यावा लागतो. हे गाणं मिनिटाला 80 ठोक्यांवर, कानात ठोक्यांची टिकटिक म्हणजे क्लिक लावून ध्वनिमुद्रित झालं होतं. आपल्याकडे बरेचजण सवयीने सेकंदाला 25 फ्रेमवर काम करतात. त्या हिशेबाने एका ठोक्याला 18.75 फ्रेम येतात. पाव फ्रेम कोणी कापू शकत नाही, त्यामुळे प्रत्येक कट थोडा पुढे-मागे होतो, आणि डोळ्याला कारण कळलं नाही तरी काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं. सेकंदाला 24 फ्रेम घेतल्या की एका ठोक्याला बरोबर 18 फ्रेम, चार ठोक्यांच्या आवर्तनाला 72, म्हणजे 3 सेकंद. एक ओळ दोन आवर्तनांची, म्हणून 6 सेकंद. पूर्ण गाणं 68 आवर्तनांचं, 3 मिनिटं 24 सेकंद. आता कागदावर बसूनच कोणती ओळ कुठल्या फ्रेमला सुरू होते ते सांगता येत होतं.

गाणं क्लिकशिवाय, मोकळं गायलं असेल तर हा हिशेब चालत नाही. अशा वेळी प्रत्येक ओळीची सुरुवात कानाने ऐकून, खुणा करतच बसवावी लागते.

24 घेतल्याचा एक तोटा आहे. आपल्या विजेचा पुरवठा 50 हर्ट्झचा, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. 24 फ्रेमवर शटर 1/48 सेकंदावर ठेवलं तर घरातल्या चित्रणात प्रकाशाचे पट्टे सरकताना दिसू शकतात. शटर 1/50 ठेवलं की ते थांबतात. शूटिंगच्या दिवशी कॅमेऱ्यावर शटरचा आकडा आधी तपासून घ्यायचा, कारण त्याच्या छोट्या पडद्यावर पट्टे दिसत नाहीत आणि घरी येऊन कळलं तर उपाय नसतो.

शब्द कधी आणायचा, हा यापेक्षा नाजूक प्रश्न. गायकाने ओळ उचलण्याच्या साधारण 6 फ्रेम आधी ती पडद्यावर हवी, म्हणजे पाव सेकंद आधी. त्यापेक्षा उशीर झाला तर वाचणारा मागे पडतो. पण माणूस गाण्यापेक्षा फार वेगाने वाचतो, हे विसरून चालत नाही. सहा सेकंदांची ओळ दीड सेकंदात वाचून होते. ‘बाबा म्हणे, जुना चालते, तू ये एकदा तरी’ ही ओळ अख्खी एकदम दाखवली, तर बाबांचं म्हणणं गायकाच्या आधीच कळून जातं आणि गायकाला सांगायला काही उरत नाही. म्हणून साध्या ओळी एकदम, पण जिथे ओळ वळण घेते तिथे ती तोडून, असं ठरलं. पूर्ण गाण्यात अशा जागा दोनच होत्या. दुसरी ‘हो म्हटल्यावर लाईन शांत राहते’. तिथे आधी फक्त ‘हो’.

देवनागरीची अडचण

इथे थोडं थांबतो, कारण मराठी लिरिक व्हिडिओ सगळ्यात जास्त इथेच बिघडतात. तयार टेम्प्लेट रोमन लिपीसाठी बनवलेली असतात, अक्षर-अक्षर करून शब्द टाइप होत जाणारी. ती मराठीला लावली की ‘पोह्यांवरची’मधला ‘ह्यां’ फुटतो, क्षणभर ‘ह्’ पाय मोडलेला दिसतो, मग ‘या’ येऊन चिकटतो आणि अनुस्वार सगळ्यात शेवटी पडतो. ‘तिघांची’मध्ये वेलांटी आधी का नंतर, याचा घोळ होतो. अक्षरांमधलं अंतर वाढवणारा परिणाम लावला तर शिरोरेषेचे तुकडे पडतात. आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत काम असेल तर सेटिंगमध्ये मजकुराचं इंजिन दक्षिण आशियाई लिपींचं निवडावं लागतं, नाहीतर जोडाक्षरंच नीट उमटत नाहीत. ते निवडल्यावरही अक्षरागणिक हालचाल आम्ही कुठेच वापरली नाही. शब्द हे सगळ्यात लहान एकक धरलं.

फॉन्ट निवडताना एका शब्दाने निकाल लावला: ‘दुसऱ्या’. हा शब्द टाइप केला आणि फॉन्टने त्यातला अर्धा र मराठी पद्धतीने, आडव्या छोट्या रेघेसारखा काढला तर फॉन्ट चालेल. र खाली नुक्ता लागून पाय मोडलेला दिसला तर नाही. दुसरी परीक्षा ल आणि श यांची. काही फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे येतात. वाचता येतात, पण मराठी डोळ्याला खटकतात. आम्ही मुक्ता घेतला. तो खुल्या परवान्याचा आहे, त्यात बरीच वजनं आहेत, आणि जाड वजनात त्याचा अनुस्वार ठळक राहतो.

अनुस्वाराचं महत्त्व पहिल्या चाचणीत कळलं. मागे गच्चीच्या भिंतीचा खडबडीत पोत होता, अक्षर बारीक होतं. मोठ्या पडद्यावर सुंदर दिसत होतं. तोच व्हिडिओ ऑनलाइन चढवून फोनवर पाहिला तर दाबलेल्या फाइलमध्ये ‘झालं’चा ‘झाल’ आणि ‘घरात आलं’चा ‘घरात आल’ झाला होता. बोलीतल्या गाण्यात असे टिंब प्रत्येक दुसऱ्या ओळीत असतात. अक्षर जाड केलं, आणि शब्दामागचा पोत धूसर करून तिथे जवळजवळ सपाट रंग ठेवला.

आकाराचा हिशेब फोनवरूनच करायचा. उभ्या धरलेल्या फोनवर आडवा व्हिडिओ जेमतेम 7 सेंटिमीटर रुंद दिसतो. 1920 पिक्सेल रुंदीच्या चित्रात 90 पिक्सेलचं अक्षर तिथे 3 मिलिमीटरच्या आसपास येतं. त्याखाली आम्ही गेलो नाही. लांब ओळ स्वल्पविरामाशी मोडून दोन ओळींत लावली, आणि वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडू नयेत म्हणून ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवलं.

शब्द हलवण्यासाठी सगळ्या ओळींना एकच सूत्र लावलं, आणि हवेचा जोर एका वेगळ्या ‘hawa’ नावाच्या लेयरवरच्या सरकपट्टीवर ठेवला:

```
h = thisComp.layer("hawa").effect("Slider Control")("Slider");
x = Math.sin(time * Math.PI * 2 / 3) * h;
[value[0] + x, value[1]]
```

तीन सेकंदांत एक झोका, म्हणजे बरोबर एक आवर्तन. घरात सरकपट्टी 6 वर, परगावी शून्यावर. 6 म्हणजे शब्द दोन्ही बाजूंना सहा-सहा पिक्सेल सरकतो. हालचाल झाली हे कळू नये, पण थांबली की जाणवावं, इतकीच. 15 वर ठेवून पाहिलं तेव्हा शब्द पाळण्यात बसल्यासारखे दिसत होते आणि वाचायला त्रास होत होता.

स्टोरीबोर्डची संहिता

0:00 ते 0:12. गाणं सुरू होण्याआधी काळा पडदा, फक्त कुलरचा आवाज, घरघर आणि ताट्यांवरून ठिबकणारं पाणी. हा आवाज मुलाच्या घरच्याच कुलरचा, रात्री पंखे बंद करून घेतलेला. चौथ्या आवर्तनात चित्र उजळतं: खोलीच्या आतून दिसणारं कुलरचं तोंड, त्याच्या उभ्या पट्ट्या, मागे दुपारचा पांढरा उजेड. कॅमेरा स्टँडवर, अजिबात न हलणारा. गाण्याचं नाव इथेच, पट्ट्यांच्या उंचीला.

0:12. ‘कुलरच्या टाकीत पाणी भरून झालं.’ टाकीचं जवळून चित्र, पाईप बाहेर काढला जातोय, पाण्यावरच्या लाटा विरत जातात. हात दिसतो, चेहरा नाही. पूर्ण व्हिडिओत चेहरा कुठेच नाही. चेहरा आला की तो त्या एका मुलाचा व्हिडिओ होतो.

0:18. ‘गच्चीवरचं वाळण घरात आलं.’ शिरोरेषा पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ताणलेली, आणि शब्द तिला वाळत घातलेल्या कपड्यांसारखे लटकलेले. गायक ‘घरात आलं’ म्हणतो तेव्हा शब्द एकेक करून निघून जातात. रिकामी तार दीड सेकंद राहते. ही युक्ती पुन्हा कुठेही वापरायची नाही. दुसऱ्यांदा वापरली की ती या ओळीची राहत नाही.

0:24 ते 0:48. डबा, चेन, घड्याळ, कुलर. चारही चित्रं स्थिर, प्रत्येकी एक ओळ. चेनच्या ओळीत कट करायचा नाही. दोन बोटं चेन ओढतात, ती अडते, पुन्हा ओढतात. ‘कोणीच काही बोलत नाही घरात’ला चित्र पुन्हा कुलरच्या तोंडाशी, आणि गाण्याच्या मागे कुलरचा आवाज थोडा वर. घरात बोलतोय तो एवढाच.

0:48 ते 1:12, धृवपद. स्टेशनवर व्यावसायिक चित्रीकरणाला रेल्वेची परवानगी लागते, आणि त्यासाठीचा वेळ-पैसा या कामात नव्हता. पण परवानगी मिळाली असती तरी फलाट दाखवला नसता. काळ्या पडद्यावर पिवळट उजेडाचे उभे पट्टे डावीकडून उजवीकडे सरकतात, आधी हळू, मग वेगाने, खिडकीबाहेरून जाणाऱ्या दिव्यांसारखे. ‘येतो गं आई’ मधोमध, सगळ्यात मोठ्या अक्षरात. ‘हात तुझा हवेत तसाच उरला’ या ओळीत ‘तसाच उरला’ हे दोन शब्द, पुढचा पट्टा येऊन गेला तरी पडद्यावरून हलत नाहीत. सरकपट्टी या 24 सेकंदांत 6 वरून सावकाश शून्यावर. कुलरचा आवाजही तेवढ्याच सावकाश जातो.

1:12 ते 1:24, संगीताचा तुकडा. शब्द नाहीत. घरच्या कुलरवर निळं प्लास्टिक बांधलं जातंय, त्यावर पावसाचे थेंब. मुलगा पुण्यात पोचला आणि इकडे ऋतू बदलला, हे सांगायला 12 सेकंद पुरतात. काहीजणांनी हा तुकडा काढून पुण्याची इमारत टाकायला सांगितली. मी ऐकलं नाही. पुण्याची इमारत कुठल्याही गाण्यात चालली असती.

1:24 ते 2:00. दुसरा अंतरा एकाच चित्रावर: रिकामी, पांढरी भिंत, खाली गादीची कड. शब्द भिंतीवर छापल्यासारखे स्थिर. ‘कान आवाज शोधतात’ला पार्श्वसंगीतातून तबला काढून घेतला आहे, संगीतकाराने ते मान्य केलं म्हणून. ‘हो’ 1:54ला एकटा येतो, उरलेली ओळ त्यानंतर दीड सेकंदाने.

2:00 ते 2:24. धृवपद पहिल्यासारखंच, पण पट्टे नाहीत. तीच पांढरी भिंत. गाडी केव्हाच पोचली आहे.

2:24 ते 2:48. इथे सगळा व्हिडिओ येऊन उभा राहतो. ‘पैसे पाठवले, नवा कुलर आणा घरी’ स्थिर. मग दोन आवर्तनं फक्त वाद्यं. 2:36ला ‘बाबा म्हणे, जुना चालते’ येतं, आणि फोनमधून मागचा कुलर ऐकू येतो. त्या आवाजातले 300 हर्ट्झखालचे आणि 3400 हर्ट्झवरचे सूर कापले आहेत, जुन्या टेलिफोनच्या पट्ट्याएवढेच ठेवले आहेत. आवाज बारीक होतो, पण पाण्याच्या ठिबकण्यावरून ओळखू येतो. सरकपट्टी शून्यावरून 3 वर जाते. पांढऱ्या भिंतीवर, पुण्याच्या खोलीत, बाबांचे तेवढे शब्द हलतात. एक आवर्तन शांतता. 2:42ला ‘तू ये एकदा तरी’, तेही हलणारं.

‘जुना चालते’ बदलून ‘जुना चालतो’ करावं, अशी एक सूचना संकलन करणाऱ्या मुलीकडून आली, पुण्या-मुंबईचे लोक चूक समजतील म्हणून. गायकाने साफ नकार दिला. “माझे बाबा चालतेच म्हणते,” तो म्हणाला. पडद्यावर जे वाचायचं ते कानाला येतं तसंच असलं पाहिजे, त्यामुळे माझंही मत तेच होतं.

2:48 ते 3:12. शेवटचं धृवपद पुन्हा कुलरच्या तोंडाशी, पण आता उन्हाळा परत आला आहे. ताट्या नव्या, बाकी सगळं तेच. शब्द हलतात. ‘वेटिंगलाच राही’ या शब्दांना वेगळा रंग नाही, तिकिटाचं चित्र नाही. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, आणि मेच्या सुट्टीत पुण्याहून नागपूरला यायचं तिकीट किती पटकन वेटिंगला जातं ते ज्याला माहीत आहे त्याला चित्राची गरज नाही.

3:12 ते 3:24. नावं. यूट्यूबवर शेवटच्या 5 ते 20 सेकंदांत पुढच्या व्हिडिओंच्या चौकटी लावता येतात, त्यासाठी उजवा अर्धा भाग मोकळा सोडला. नावं डावीकडे, वरच्या दोन तृतीयांशात, कारण खाली प्लेअरची पट्टी येते.

उभा तुकडा

फोनवर उभ्या व्हिडिओसाठी 30 सेकंदांचा तुकडा हवा होता. मुलाला धृवपद हवं होतं, कारण तेच लोक गुणगुणतील. मी 2:24 ते 2:54 सुचवलं: पैशांची ओळ, बाबांचं उत्तर आणि शेवटच्या धृवपदाची पहिली ओळ. धृवपद एकटं ऐकलं तर कोणत्याही निरोपाच्या गाण्याचं वाटतं. बाबांची ओळ फक्त याच गाण्यात आहे. अडचण एवढीच की कुलर बंद असल्याशिवाय तो चालू झाल्याचं कळत नाही, आणि तुकड्यात आधीची शांतता नसते. म्हणून उभ्या तुकड्याच्या सुरुवातीला दोन सेकंद कुलरचं तोंड, पूर्ण आवाजासह, मग कट करून पांढरी भिंत आणि शांतता, आणि मगच पैशांची ओळ. तुकडा 30 सेकंदांहून थोडा लांब झाला.

उभ्या मांडणीत आडव्या व्हिडिओचा मधला भाग कापून चालत नाही. ओळी दोन्हीकडे कापल्या जातात. 1080 पिक्सेल रुंदीत ‘बाबा म्हणे, / जुना चालते, / तू ये एकदा तरी’ अशा तीन ओळी नव्याने मांडल्या. खालचा पाव भाग आणि उजवी कड ॲपच्या बटणांखाली जाते, म्हणून शब्द मधल्या उंचीपासून थोडे वर. झोक्याचा जोर 3 वरून 2 केला, कारण इथे अक्षर फोनभर मोठं दिसतं आणि तेवढीच हालचाल दुप्पट भासते.